दीडशे शब्दांत नटाची ओळख

प्रश्न: मालवणात आमचं मंडळ तीन दिवसांचा नाटक आणि चित्रपट महोत्सव करतंय. पुस्तिकेत पाहुण्या नटांची ओळख द्यायची आहे, एकेकाला दीडशे शब्द. एका ज्येष्ठ नटांनी दोन पानांची यादी पाठवली आहे: दशावतार, स्पर्धेची नाटकं, चित्रपट, शिबिरं, पुरस्कार. भूमिका, शिक्षण आणि अभिनय यांचा तोल कसा साधायचा? काय ठेवायचं आणि काय गाळायचं?

उत्तर:

यादीतली एकच भूमिका निवडा आणि दीडशेतले निम्मे शब्द तिला द्या. शिक्षण वेगळ्या परिच्छेदात मांडू नका, त्या भूमिकेत ते कुठे दिसतं तिथे सांगा. बाकीच्या भूमिकांना तीसचाळीस शब्द पुरतात. तीन खाती करून प्रत्येकाला पन्नास शब्द वाटले की तिन्ही अर्धवट राहतात, आणि वाचणाऱ्याला नट दिसतच नाही.

गेली बावीस वर्षं मी सिंधुदुर्गात आणि रत्नागिरीत अशा पुस्तिका लिहिते आहे. तुमच्या पाहुण्यांसारखेच एक नट माझ्या वाट्याला आले होते. त्यांची ओळख कशी घडली तेच सांगते. नाव देत नाही, इथे त्यांना नुसतं काका म्हणते.

काकांच्या यादीत त्रेचाळीस नोंदी होत्या. दशावताराला एकच ओळ होती, 'अनेक वर्षे दशावतारात काम', आणि मग चित्रपट, मालिका, जाहिरात, दोन शिबिरं, सत्कार, प्रमाणपत्रं. चित्रपट सगळ्यांत वर, कारण लोक त्यालाच मान देतात असा त्यांचा अनुभव. मंडळातल्या एका उत्साही मुलाने त्यावरून लिहिलेला पहिला मजकूर असा होता:

"कोकणच्या लाल मातीत जन्मलेले अष्टपैलू, हरहुन्नरी अभिनेते यांनी बालवयातच रंगभूमीवर पदार्पण केले. कोणतेही औपचारिक प्रशिक्षण नसताना केवळ जिद्दीच्या जोरावर त्यांनी दशावतार, हौशी व व्यावसायिक रंगभूमी, चित्रपट आणि मालिका अशा सर्वच माध्यमांत आपल्या कसदार अभिनयाचा ठसा उमटवला. अनेक पुरस्कारांचे मानकरी असलेल्या या कलावंताने रसिकांच्या मनावर अधिराज्य गाजवले आहे."

याखाली कुडाळच्या कुठल्याही नटाचं नाव घातलं तरी चालेल, म्हणजे यात काका कुठेच नाहीत. पण मला जास्त लागलं ते 'कोणतेही औपचारिक प्रशिक्षण नसताना'. हे वाक्य कोकणातल्या जवळजवळ प्रत्येक पुस्तिकेत असतं. लिहिणाऱ्याला त्यातून कौतुक करायचं असतं. प्रत्यक्षात त्या एका वाक्याने माणसाची दशावतारातली एकोणीस वर्षं पुसली जातात.

दशावतारी मंडळ ही शाळाच असते, फक्त तिथे प्रवेशअर्ज नसतो. मुलगा मंडळात येतो तो बहुधा आड दशावतारात, म्हणजे पूर्वरंगात. गणपतीबरोबर रिद्धी-सिद्धी येतात, त्यांत उभा राहतो. मग सरस्वती, मग संकासुर येतो, त्याचं आणि भटजीचं बोलणं चालतं, शेवटी विष्णू त्याला मारतो आणि पूर्वरंग संपतो. मोठी आख्यानं त्यानंतर. नवा मुलगा आपला भाग झाला की झोपायला जात नाही, पडद्यामागे पेटाऱ्यांच्या शेजारी बसून उरलेली रात्र बघतो. जत्रांचा हंगाम कार्तिकापासून सुरू होतो आणि पावसाळा तोंडावर येईपर्यंत चालतो. एवढे महिने रात्रीमागून रात्र बघून मुलगा शिकतो: कुठल्या आख्यानात कोण कधी प्रवेश करतो, राजाचं काम करणाऱ्या राजपार्टीने एखादं वाक्य अर्ध्यावर सोडलं तर बाईचं काम करणाऱ्या स्त्रीपार्टीने ते कसं उचलायचं, पद कुठे घ्यायचं. लिहिलेली संहिता नाही. मंडळ चालवणारा चालक संध्याकाळी कथानक सांगतो, प्रवेश ठरवतो, बाकीचं सगळं नटांच्या तोंडून त्या रात्री जन्मतं. रंगभूषाही ज्याची त्यानेच करायची. हे प्रशिक्षण आहे, आणि पुस्तिकेत ते त्याच मानाने लिहायला हवं: मंडळाचं नाव, चालकाचं नाव, किती वर्षं, कुठल्या पार्टात.

दुसऱ्या बाजूची चूकही तितकीच होते. यादीत लिहिलेलं असतं 'एनएसडी प्रशिक्षित'. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा, पूर्णवेळ. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र किंवा मुंबई विद्यापीठाची नाट्यकला अकादमी इथून पदवी घेतलेले नट वेगळे, आणि त्या संस्थांनी किंवा तिथल्या माणसांनी कुठे घेतलेल्या शिबिराला बसलेले वेगळे. काकांच्या यादीत 'एनएसडी' होतं. मी फोनवर विचारलं, "काका, दिल्लीक किती वर्सां होतास?" ते म्हणाले, "दिल्लीक खय? हयच झाला ता शिबीर, तीस दिवस." म्हणजे ते लपवत नव्हतेच. कुणीतरी आधीच्या निमंत्रणपत्रिकेत तसं छापलं होतं, आणि तेच पुढे चालत आलं. अशा वेळी 'राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या तीस दिवसांच्या शिबिरात सहभाग' एवढंच लिहावं, आणि जागा कमी असेल तर तेही गाळावं. ज्याच्याकडे एकोणीस वर्षांचं शिक्षण आहे त्याला तीस दिवसांच्या बिल्ल्याची गरज नसते.

आता निवड. त्रेचाळीसांतून एक भूमिका कशी काढायची? यादी बघून ती सापडत नाही, त्यासाठी माणसासमोर बसावं लागतं. तेवढा वेळ नसेल तर फोनवर तरी अर्धा तास बोला. 'तुमचा प्रवास सांगा' असं विचारू नका, त्याचं उत्तर नटाला पाठ असतं आणि ते सगळ्यांचं सारखं असतं. मी विचारते, पहाटे झोपेतून उठवलं आणि तालमीशिवाय उभं केलं तर कुठली भूमिका कराल? आणि त्या भूमिकेत कुणी तुमची चूक दाखवली होती? पहिल्या प्रश्नातून भूमिका मिळते, दुसऱ्यातून अभिनय आणि शिक्षण दोन्ही, कारण चूक दाखवणारा माणूस हाच बहुतेकदा गुरू असतो.

काका क्षणभरही थांबले नाहीत. म्हणाले, तारामती. मग पडवीतून खळ्यात उतरले आणि खांद्यावरचा पंचा पदरासारखा घेऊन दाखवायला लागले. दशावतारात रंगमंचावर सामान म्हणजे एक लाकडी बाक. तेच सिंहासन, तोच डोंगर, तोच पलंग. काकांनी तुळशीवृंदावनाजवळचा बाकडा पुढे ओढला. हरिश्चंद्राची राणी म्हणून ते त्यावर बसले, पाठ ताठ, नजर माझ्या डोक्यावरून पार माडांपर्यंत. मग उठले आणि सांगितलं की काशीच्या बाजारात तारामती विकली जाते, त्यानंतर रात्रभर मी त्या बाकाला शिवत नाही. स्मशानात मूल मांडीवर घेऊन बसायचं ते जमिनीवर. कुणी सांगितलं? चालकाने. पहिल्या वर्षी दासी झाल्यावरही ते सवयीने बाकावर टेकले होते. प्रयोग संपल्यावर चालकाने एवढंच विचारलं, "दासी सिंहासनार बसता काय रे?"

मला ओळख मिळाली होती. या एका गोष्टीत भूमिका आहे, शिक्षण आहे आणि कसबही आहे. तिन्हींचा तोल वेगळा साधायची गरजच उरली नाही. प्रेक्षक ते वाचून प्रयोगाला बसला की त्याची नजर आपोआप बाकाकडे जाते. महोत्सवाच्या पुस्तिकेतल्या ओळखीचं काम तेवढंच असतं. माणूस ती तिसऱ्या घंटेआधी दहा मिनिटं, मंद दिव्यात, एका हाताने वारा घेत वाचतो. आज काय बघायचं हे त्याला त्यातून कळायला हवं.

अशी गोष्ट हाती लागली की तिला विशेषण लावायचा मोह होतो, 'हृदयद्रावक', 'अंगावर शहारे आणणारी'. लावू नका. बाक आणि जमीन एवढं सांगितलं की शहारा ज्याचा त्याला येतो.

चित्रपटाचं काय करायचं, हा तुमच्या प्रश्नातला अवघड भाग, कारण महोत्सवात दोन्ही आहे. यादी देऊन भागत नाही, आणि 'रंगभूमीप्रमाणेच रुपेरी पडद्यावरही' या वाक्याने तर काहीच कळत नाही. दोन माध्यमांमध्ये त्या नटाला काय बदलावं लागलं ते विचारा. काकांचं उत्तर मला आजही जसंच्या तसं आठवतं. एका चित्रपटात ते रापणकार बापाच्या भूमिकेत होते. दृश्यात ते जाळं शिवत बसलेले आणि मुलगा मुंबईला जातो म्हणून सांगायला येतो. पहिला टेक छान झाला. मग जवळचा शॉट, मग मुलाच्या खांद्यावरून. दर वेळी काकांनी वाक्य थोडं वेगळं बोललं, कारण एकोणीस वर्षं तीच त्यांची विद्या होती, रोज नवं बोलायचं. सुईसुद्धा दर वेळी वेगळ्या गाठीवर. दुपारी सहायकाने सांगितलं की हे तुकडे संकलनात जुळणार नाहीत. एका शॉटमध्ये हात वर आहे, दुसऱ्यात खाली, शब्दही वेगळे. त्या रात्री काकांनी वाक्य पाठ केलं आणि प्रत्येक शब्दाला एक हालचाल बांधून घेतली. 'जा' म्हणताना सुई बाहेर, 'तुझी आये' म्हणताना गाठ आवळायची. दुसऱ्या दिवशी नऊ वेळा तेच, तसंच.

त्याच्याही आधी हा धडा त्यांना अर्धा मिळाला होता तो राज्य नाट्य स्पर्धेत. तिथे संहिता लिहिलेली असते, प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर झालेली असते, आणि आयत्या वेळी सुचलेलं वाक्य घातलं तर समोरचा नट अडखळतो, प्रकाशाचा संकेत चुकतो. दशावतारी नट स्पर्धेत पहिल्या वर्षी बऱ्याचदा पडतो तो याच कारणाने. आवाज असतो, पल्लेदार असतो, पण तो समोरच्याला वाक्याची शेवटची चार अक्षरं हवी तशी देत नाही. त्यामुळे ओळखीत दशावतार, स्पर्धा आणि चित्रपट हे तीन टप्पे नुसते एकापुढे एक लिहू नका. रोज नवं बोलणारा नट ठरलेलं वाक्य धरायला शिकला, हा धागा धरला की तिन्ही दोन वाक्यांत येतात आणि एकमेकांना धरून राहतात.

आता पडताळणी. यात माझ्याच हातून एक चूक झाली आहे, तीच सांगते. एका अभिनेत्रीच्या ओळखीत मी 'राज्य नाट्य स्पर्धेत अभिनयात राज्यात प्रथम' असं छापलं. तिने सांगितलं होतं 'स्पर्धेत पहिलं आलं', आणि मी पुढचं विचारलं नाही. खरं असं होतं की तिचं नाटक केंद्रावर प्राथमिक फेरीत पहिलं आलं होतं आणि तिला अभिनयाचं रौप्यपदक त्याच फेरीत मिळालं होतं. अंतिम फेरीत त्या नाटकाला काही मिळालं नव्हतं. प्रेक्षकांत त्याच वर्षी अंतिम फेरीत गेलेली माणसं बसली होती. मध्यंतरात त्यांनी माझ्याकडे येऊन काही बोलायच्या आत, त्या अभिनेत्रीनेच रंगपटात मला पुस्तिका दाखवली आणि म्हणाली, "ताई, आता मी त्यांच्या समोर जाऊ कशी?" तिचा काहीही दोष नव्हता. तेव्हापासून पुरस्काराबद्दल मी प्रत्येक वेळी चार गोष्टी विचारते: फेरी कुठली, केंद्र कुठलं, साल कुठलं, आणि पदक की प्रमाणपत्र. प्रमाणपत्राचा फोटो मागवते. लोक आनंदाने पाठवतात.

नाटकाच्या भूमिकांमध्येही असाच एक सापळा आहे. व्यावसायिक नाटकात मूळ संचातला नट आणि नंतर बदलीवर आलेला नट, दोघेही 'त्या नाटकात प्रमुख भूमिका' असं लिहितात, आणि दोघांचंही खरं असतं. पण गाजलेलं नाटक असेल तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पहिलाच नट येतो. 'नंतरच्या संचात' हे दोन शब्द घातले की कुणाचाही अपमान होत नाही. बदलीवर उभं राहणं तसं कमी अवघड नाही. चित्रपटाच्या बाबतीत 'आगामी' हा शब्द मी छापतच नाही. पुस्तिका लोक घरी नेतात, वर्षानुवर्षं ठेवतात, आणि आगामी चित्रपट कधीकधी येतच नाही. मालिकांची नावं एखाददुसरीच, तीही भूमिका लक्षात राहण्यासारखी असेल तर.

दशावतारातल्या भूमिकांची नोंद करताना नाटकाचा साचा वापरू नका. नाटकाच्या नोंदीत नाटक, भूमिका, लेखक, दिग्दर्शक, संस्था आणि साल येतं. दशावतारात लेखक-दिग्दर्शकाच्या रकान्यात लिहायला काही नसतं, आणि कुणीतरी तिथे रिकामी जागा दिसू नये म्हणून चालकालाच दिग्दर्शक करतं. तसं करू नये. आख्यान, पार्ट, मंडळ आणि चालक एवढं पुरेसं आहे. 'पाचशे नाटके केली' अशी संख्याही देऊ नका. त्याच आख्यानाच्या पाचशे रात्री म्हणायच्या की पाचशे आख्यानं, हे वाचणाऱ्याला कळत नाही. वर्षं सांगा, ती मोजता येतात.

काकांची शेवटी छापलेली ओळख अशी. नावांच्या जागा मी इथे रिकाम्या ठेवते:

"… हे वेंगुर्ले तालुक्यातल्या … गावचे. दशावतारात एकोणीस वर्षं, त्यांतली तेरा स्त्रीपार्टी म्हणून. हरिश्चंद्राच्या आख्यानात ते तारामती होतात तेव्हा रंगमंचावर एकच बाक असतो. राणी त्यावर बसते. काशीच्या बाजारात विकली गेल्यावर ती त्या बाकाला पुन्हा शिवत नाही. शेवटपर्यंत उभी असते किंवा जमिनीवर. हे त्यांना शिकवलं मंडळाचे चालक … यांनी, ज्यांच्याकडे ते चौदाव्या वर्षी सिद्धी म्हणून उभे राहिले. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, ते त्या रात्री सुचतात. पुढे राज्य नाट्य स्पर्धेत त्यांनी ठरलेली संहिता धरायचा सराव केला; … साली … केंद्रावर प्राथमिक फेरीत अभिनयाचं रौप्यपदक. चार चित्रपटांत भूमिका. त्यांपैकी '…' महोत्सवात दुसऱ्या दिवशी आहे. त्यातल्या रापणकार बापाला बारा वाक्यं आहेत; तो बोलतो तेव्हा त्याच्या हातातल्या सुईकडेही पाहावं. मंडळ सोडून आता सात वर्षं झाली. तारामती मात्र गावच्या जत्रेत दर वर्षी ते एकदा करतात. 'निऱ्यो हातात इल्यो काय चाल आपसूक बदालता,' असं ते म्हणतात."

रिकाम्या जागा भरून मोजलंत तर दीडशेच्या आतच भरेल. गाव पहिल्याच वाक्यात आहे ते मुद्दाम. मुंबईच्या पुस्तिकेत मी तसं करत नाही, पण आपल्याकडे नाव वाचल्यावर पहिला प्रश्न 'खयचो?' हाच असतो, आणि तो सुटल्याशिवाय माणूस पुढचं नीट वाचत नाही. उलट, जन्मतारीख नाही, शाळा नाही, घरची परिस्थिती नाही. गरिबीतून वर आल्याचं सांगायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, आपण परस्पर लिहू नये. काकांच्या यादीत ते नव्हतं, म्हणून मीही विचारलं नाही.

मालवणी वाक्य एकच ठेवलं, आणि ते शेवटी. महोत्सवाला बाहेरचे लोक येतात, चाकरमान्यांची मुलं येतात, त्यांना अर्थ लागेल एवढं सोपं असावं. माणसाचं बोलणं प्रमाण मराठीत सरळ करून छापलं तर त्याचा आवाज जातो, आणि सगळी ओळखच मालवणीत लिहिली तर ते प्रहसनासारखं वाचलं जाण्याची भीती असते. 'वस्त्रहरण' १९८० साली आलं तेव्हापासून मालवणी म्हटलं की लोक हसायच्या तयारीने बसतात. ते त्या नाटकाचं यश आहे, पण स्मशानातल्या तारामतीच्या ओळखीला ते सोयीचं नाही.

मजकूर तयार झाला की नटाला वाचून दाखवा. पाठवू नका, वाचून दाखवा, कारण पाठवलेलं बघून माणूस 'छान आहे' एवढंच म्हणतो. मी फोनवर वाचलं तेव्हा काकांनी दोन बदल सांगितले. चालकाचं नाव आधी नव्हतं, नुसतं 'चालकांनी' होतं. ते म्हणाले, "त्येंचा नाव नसात तर माझा नको." आणि एका चित्रपटाचं नाव काढायला सांगितलं, कारण त्यात ते एकाच दृश्यात होते आणि तेही पाठमोरे. पहिल्या यादीत तो चित्रपट सगळ्यांत वर होता. आपल्याबद्दल काय लिहिलंय हे कानांनी ऐकलं की माणूस स्वतःच यादी छाटतो, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

फोटोबद्दल थोडं. स्त्रीपार्टी करणाऱ्या नटाचा फक्त भूमिकेतला फोटो दिला तर दुसऱ्या दिवशी सभागृहाबाहेर त्यांना कुणी ओळखत नाही. फक्त साधा फोटो दिला तर कसब दिसत नाही. ए-पाच आकाराच्या पानावर दीडशे शब्द अकरा पॉइंटात बसवून दोन छोटे फोटो मावतात, साधा वर आणि भूमिकेतला खाली. भूमिकेतल्या फोटोखाली आख्यान आणि भूमिका लिहा, आणि फोटो काढणाऱ्याचं नाव विसरू नका.

आणखी एक. तुमच्याकडे सत्काराच्या वेळी निवेदक बहुधा हीच ओळख माईकवरून वाचेल. छापील ओळख ऐकायला लांब पडते आणि नट मंचावर अवघडून उभा राहतो. त्याच मजकुरातून चाळीस शब्दांची वेगळी चिठ्ठी करून निवेदकाच्या हातात द्या: गाव, एकोणीस वर्षं, तारामती, चालकाचं नाव. बाकाची गोष्ट त्यात घालू नका, ती एकट्याने वाचायची आहे.

शेवटचं काम छापखान्यात. तुम्ही युनिकोडमध्ये टाइप केलेलं तिथे बहुतेक जुन्या फाँटमध्ये बदललं जातं, आणि त्यात अर्धा र हमखास बिघडतो. 'निऱ्यो'चं 'निर्यो' होतं, 'दुसऱ्या दिवशी'चं 'दुसर्या दिवशी'. आपल्याकडे तर एका पुस्तिकेत सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या झाला होता. पडद्यावर वाचून हे कळत नाही, कागदावरचं प्रूफ मागा. ते घेऊन आधी सगळी माणसांची आणि गावांची नावं उलट्या क्रमाने, शेवटच्या ओळीकडून वर वाचा. सरळ वाचताना डोळा पुढचं गृहीत धरतो आणि चूक निसटते. मग जोडाक्षरं, मग सालं. काकांच्या प्रूफात चालकांच्या आडनावातली एक वेलांटी ऱ्हस्वाची दीर्घ झाली होती. ती मला सापडली ती अशीच, खालून वर येताना.